दादा गेला, आणि सगळे म्हणतात ‘आईबाबांना सांभाळ’

प्रश्न: मॅडम, माझा दादा आठ महिन्यांपूर्वी वर्धा रोडवर अपघातात गेला. तो २९ चा होता, मी २६ ची. आई दोन घास खाऊन उठते. बाबा टीव्हीचा आवाज बंद करून दिवसभर नुसते बघत बसतात. जो येतो तो मला एकच सांगतो, “आईबाबांना सांभाळ, आता तूच त्यांचं सगळं.” तू कशी आहेस, हे आजवर एकानंही विचारलं नाही. भाऊबीजेला मी ताट काढलंच नाही, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला रडू येत नाही, पण आईचा राग येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. माझ्यात काही बिघडलंय का? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर: नाही गं, बिघडलेलं काही नाही. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तूगंच करते. नागपुरातच १९ वर्षं समुपदेशनाचं काम करतेय आणि हा प्रश्न माझ्यासमोर खुर्चीत बसून बऱ्याच जणांनी विचारलाय. बहुतेक जण सुरुवात आईच्या तब्येतीपासून करतात. स्वतःचं नाव निघायला तिसरी-चौथी भेट उजाडते. तू दुसऱ्याच दमात स्वतःबद्दल लिहिलंस, हे मला बरं वाटलं.

तुझ्या लिहिण्यात दोन गोष्टींचा गुंता झालाय आणि पहिलं काम तो सोडवण्याचं आहे. एक म्हणजे दादा गेल्याचं दुःख. दुसरी म्हणजे दादा गेला त्या दिवसापासून न विचारता तुझ्यावर पडलेली ड्युटी. राग येतो तो बहुतेक या ड्युटीचा. तो आईवर निघतो, कारण ड्युटीवर समोर तीच असते. आणि रडू येत नाही, कारण ड्युटीवरचा माणूस रडत नाही. घाटावर लाकडं रचणारा माणूस रडत बसला तर पुढचं कसं व्हायचं, तसंच हे.

ही ड्युटी लागते कशी ते बघ. मातीच्या दिवशी आई आत बायकांच्या घोळक्यात असते, बाबांना कोणीतरी खांद्याला धरून बसवलेलं असतं. तेवढ्यात कोणीतरी विचारतं, “आधार कार्ड कुठाय?” आणि ते तुला माहीत असतं. मग पंचनामा, पीएम रिपोर्ट, महापालिकेच्या झोन ऑफिसातून मृत्यूचा दाखला, दादाचं बँक खातं, गाडीचा हप्ता, विम्यावाल्याचे फोन. तेरावीला किती पानं, ब्राह्मण कोण, गोडजेवणाला कोणाला बोलवायचं. प्रत्येक काम लहान असतं आणि प्रत्येकाला वाटतं की मुलगी धीराची आहे, करतेय. तेराव्या दिवशी पाहुणे जातात, कामं मात्र तुझ्याकडेच राहतात. त्यांच्याबरोबर तो ‘धीराची’ हा शिक्काही राहतो. शिक्का बसलेल्या माणसाला ‘कशी आहेस’ असं विचारत नाहीत, ‘आई कशी आहे’ असं विचारतात.

यात माझाही हात आहे, ते आधीच सांगून टाकते. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका घरी गेले होते, तिथला धाकटा मुलगा गेला होता. दीड तास आईशी बोलले. निघताना दारात चप्पल घालता घालता मोठ्या मुलीला म्हटलं, “आईकडे लक्ष दे हं.” पुढे दोन वर्षांनी ती मुलगी स्वतःसाठी माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही तर डॉक्टरसारख्या आलात ना, मला वाटलं तुम्ही तरी विचाराल.” तेव्हापासून कुठल्याही अशा घरी गेले की बाहेर पडायच्या आधी भावंडाला बाजूला घेऊन दहा मिनिटं बसते. पण शिकले ती त्या मुलीच्या खर्चाने.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखांवर पुस्तक काढलं, ज्यांना आजूबाजूचे लोक दुःख म्हणून जागाच देत नाहीत. दुःख असतं, पण ते करायचा हक्क मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. भावंडाचं दुःख यात बरोबर बसतं. आपल्याकडे तर शोकाची उतरंडच ठरलेली असते. सगळ्यात वर आई, मग बायको-मुलं असतील तर ती, मग वडील. बहीण खाली कुठेतरी, पाणी द्यायला. दहाव्याला, तेराव्याला काय करायचं ते मुलाला, बापाला, भावाला सांगितलेलं असतं. बहिणीला बहुतेक घरांत काहीच सांगितलेलं नसतं. तुझ्या हातात खरं तर एकच विधी होता, भाऊबीजेचं ताट. नेमका तोच यावेळी निघाला नाही. म्हणून तो दिवस तुला इतका लागला असावा.

आता आईबाबा विचारत का नाहीत, याकडे येते. तुला वाटत असेल की त्यांच्या लेखी तू दुय्यम आहेस. काही घरांत तसं असतंही, मुलगा-मुलगी हा भेद आपल्याकडे आहेच, तो मी झाकणार नाही. “जायचं तर…” इथपर्यंत येऊन थांबलेली वाक्यं मी ऐकली आहेत. तुझ्या घरी तसं आहे का, ते तूच ओळखशील. दादा असतानाही तुझ्या निकालाला, तुझ्या आजारपणाला घरात जागा नव्हती, तर हे जुनं आहे आणि त्याचं वेगळं बोलावं लागेल. पण आधी जागा होती आणि या आठ महिन्यांत गेली असेल, तर कारण बहुधा वेगळं असतं.

मी पाहिलंय ते असं. मूल गेलेल्या आईचं लक्ष इतकं आत वळलेलं असतं की समोर कोण उभं आहे हेही तिला धड दिसत नाही. आणि दिसलं तरी विचारायची भीती वाटते. ‘हिला विचारलं आणि ही कोसळली, तर हिला धरायला माझ्यात ताकद कुठे आहे?’ एका आईनं मला हे जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. तिकडे तिची मुलगी मला सांगत होती, “आईसमोर दादाचं नाव काढत नाही, तिला त्रास होतो.” दोघी एकाच घरात, एकमेकींना जपण्यासाठी एकमेकींपासून लपत होत्या.

हे जपणं किती महागात पडतं, यावर नेदरलँड्समध्ये एक चांगलं काम झालंय. मूल गमावलेल्या २१९ जोडप्यांकडे तिथल्या संशोधकांनी बरीच वर्षं पाहिलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. जोडीदाराला त्रास नको म्हणून जो स्वतःचं दुःख गिळतो, त्याचं स्वतःचं दुःख तर वाढतंच, पण ज्याच्यासाठी गिळलं त्याचंही वाढतं, असं त्यांना दिसलं. तो अभ्यास नवरा-बायकोचा आहे, आई-मुलीचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा तुझ्यावर लावणार नाही. पण माझ्या खोलीत बसलेल्या घरांमध्ये मला वेगळं काही दिसलेलं नाही.

करायचं काय, ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. त्याला विचारून सांगतेय, आणि ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. सक्करदऱ्याकडचा, २४ वर्षांचा. दोन वर्षांनी मोठी ताई किडनीच्या आजारात गेली, मार्चमध्ये. माझ्याकडे तो आला तान्ह्या पोळ्यानंतर. त्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडाचे नंदी घेऊन बोजारा मागायला दारात आली. आईने आतून दार लावून घेतलं. हा फाटकापाशी गेला, प्रत्येकाला दहा-दहा रुपये दिले, एका पोराच्या बैलाची सुटलेली झूल नीट बांधून दिली, आणि परत येताना जिन्यात बसला तो अर्धा तास उठताच येईना. हातपाय थरथरत होते. रडू नव्हतंच. त्याला वाटलं आपल्याला हार्टचं काही झालं. ईसीजी काढून आला, नॉर्मल निघाला, तेव्हा डॉक्टरने माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत मी त्याला ताईबद्दल काही विचारलं नाही. एक कागद दिला आणि म्हटलं, आठवडाभरात घरासाठी तू जे जे करतोस ते लिहून आण, कितीही बारीक असू दे. त्याने २३ कामं लिहून आणली. त्यात ‘आई झोपेपर्यंत हॉलमध्ये जागं राहणे’ हे होतं, ‘ताईचं नाव असलेलं कुरिअर आईच्या आधी उचलणे’ हेही होतं. आम्ही एकेक काम पाहिलं आणि त्याच्यावाचून अडत नाही अशी पाच निघाली. बिल भरणं मामाकडे गेलं. आईची बीपीची गोळी बाबांनी द्यायची ठरली. बाबा आधी दोनदा विसरले, मग जमलं. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट झाली, बाबांना दिवसात एक तरी काम मिळालं. तू हा कागद आधी करावास असं मला वाटतं. दुःखाला हात घालायच्या आधी ड्युटीचे तास कमी व्हायला हवेत, नाहीतर दुःख यायला वेळच सापडत नाही.

मग आम्ही वेळ ठरवली. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी ४० मिनिटं, गच्चीवर, एकट्याने, ताईची एक वस्तू सोबत. फोनमध्ये ४० मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की उठायचंच, मग आत काहीही चाललेलं असो. उठल्यावर हाताला काम द्यायचं, दूध आणायला जायचं नाहीतर अंघोळ करायची. याला गजर कशाला, असं तो म्हणाला. अगं, रडू न येण्यामागे पुष्कळदा ही भीती असते की सुरू झालं तर थांबणार नाही, आणि आपण थांबलो नाही तर घर कोण बघेल. गजर असला की मनाला कळतं की याला शेवट आहे. दुःखात माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी रोजच्या कामांकडे, आणि हे आलटून-पालटून होत राहणंच निरोगी, अशी मांडणी स्ट्रोबे आणि शूट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये केली. तू आठ महिने कामांच्याच बाजूला उभी आहेस. तुझी आई आठ महिने दुसऱ्या बाजूला आहे. दोघींचाही झोका एका टोकाला अडकलाय, म्हणून एकमेकींचा इतका राग येत असेल.

त्या मुलाच्या पहिल्या तीन बैठका कोरड्या गेल्या. “मॅडम, टाइमपास वाटतोय,” म्हणाला. चौथ्या वेळी त्याने माळ्यावरून लहानपणीचा लाकडी बैल काढून नेला. दोघांत एकच बैल होता. ताईने एका शिंगाला आईची नेलपॉलिश लावली होती, ती अजून तशीच होती, थोडी पोपडे निघालेली. बोजारा मिळाला की ताई ‘मी मोठी’ म्हणून पंधरातले दहा स्वतः ठेवायची. हे आठवलं आणि त्याला पहिल्यांदा तिचा राग आला. दहा रुपयांचा राग! त्या रागातून मग बाकीचं आलं. डायलिसिसला जायला ती टाळाटाळ करायची तेव्हा आपण हट्ट का धरला नाही, तेही आलं. त्या दिवशी गजर वाजल्यावर तो उठला आणि दूध आणायला गेला. दूधवाल्याकडे डोळे लाल होते, एवढंच.

या बैलापाशी मी थोडी थांबते, कारण भावंडाच्या दुःखातली खास गोष्ट इथेच आहे. घरात फोटोला हार चढला की माणूस देव होतो. आई म्हणते माझा सोन्यासारखा पोरगा होता, कधी उलटून बोलला नाही. तुला माहीत असतं की तो तुझी गाडी न्यायचा आणि पेट्रोल न भरता आणून लावायचा. त्याच्या फोनचा पॅटर्न तुला ठाऊक असतो. तो सिगारेट कुठल्या टपरीवर ओढायचा, कोणत्या मुलीशी बोलायचा, नोकरीवरून बाबांशी भांडण झाल्यावर रात्री गच्चीवर काय म्हणाला होता, हे तुझ्याचकडे आहे. आईबाबांचा मुलगा गेला, तो त्यांच्या ओळखीचा होता. तुझा दादा तुझ्याच ओळखीचा होता, आणि त्याच्याबद्दल बोलायला घरात दुसरं माणूसच नाही. म्हणून आई त्याचं कौतुक करत असताना तुला राग येतो आणि एकटंही वाटतं. यात लाज वाटण्यासारखं काही मला दिसत नाही. पण तो पेट्रोलवाला दादा कुठेतरी बोलला गेला पाहिजे.

त्यासाठी एक माणूस लागतो. एकच पुरे, पण घराबाहेरचं, आणि ज्याला दादा माहीत होता असं. दादाचा मित्र, मावसबहीण, कोणीही. आणि त्यांनी आपणहून विचारावं याची वाट बघू नकोस. लोक वाईट नसतात, त्यांना काय विचारावं ते कळत नसतं, म्हणून आईबद्दल विचारून मोकळे होतात. त्या मुलाने आतेभावाला जो मेसेज पाठवला तो आम्ही मिळून लिहिला होता. तू तुझ्या शब्दांत कर, पण साधारण असा: “मला ताईबद्दल बोलायचं आहे. सल्ला नको. आई कशी आहे ते विचारू नको. रविवारी पाऊण तास भेट आणि फक्त तिच्याबद्दल बोलू. तुला आठवतं ते तूही सांग.” यात नको काय आणि हवं काय, दोन्ही आहे. नुसतं ‘मला बरं वाटत नाहीये’ असं लिहिलंस तर समोरचा तुला धीर धरायला सांगेल, आणि धीराचं तर तुला अजीर्ण झालंय.

आता आईशी बोलणं. हे सगळ्यात शेवटी, आणि इथे त्या मुलाकडून चूक झाली. चूक माझीही, मी त्याला पुरेसं तयार केलं नव्हतं. दिवाळीच्या आसपास रात्री जेवताना तो म्हणाला, “तुम्ही मला एकदाही विचारलं नाही मी कसा आहे.” आई म्हणाली, “तुला काय कळणार आईचं दुःख.” ताट सरकवून उठली. पुढे पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तो म्हणाला खरं तेच, पण आईच्या कानावर ती तक्रार म्हणून पडली. आधीच ‘मी मुलीला वाचवू शकले नाही’ असं मनात घोळवणाऱ्या बाईला ‘दुसऱ्या मुलाकडेही लक्ष दिलं नाही’ हे ऐकू आलं. समोरासमोर, तेही जेवताना, म्हणजे उठून जाण्याशिवाय तिला वाट नव्हती.

दुसऱ्यांदा तो बोलला तो जानेवारीत. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, हा शेजारी जाऊन बसला आणि सोलायला लागला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई सोले भातातले सोले वेचून खायची आणि भात माझ्या ताटात टाकायची. मला तिची फार आठवण येते गं.” बस. त्यात प्रश्न नव्हता, मागणीही नव्हती. आईने हात थांबवले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, “तू झोपत नाहीस ना रात्री? मला दिव्याचा उजेड दिसतो.” म्हणजे तिला दिसत होतं. दहा महिने दिसत होतं.

तुझ्या आईचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. काही आया अशा वेळी उठून जातात, काही रडायला लागतात आणि मग तुलाच सावरावं लागतं. म्हणून हे बोलणं तुझी ४० मिनिटं आणि तुझा तो एक माणूस जागेवर बसल्यावरच कर, आईचं उत्तर काहीही आलं तरी तुला पाठ टेकायला जागा असेल. आणि बोलताना दादाची एक खरी, बारीक आठवण आणि एक वाक्य स्वतःबद्दल, एवढंच. शेजारी बसून, हातात काम असताना. डोळ्यांत डोळे घालून बोलायला बाहेरच्या सिनेमात बरं वाटतं, आपल्या घरांत शेंगा सोलताना जास्त बोललं जातं.

काही गोष्टी मला तुझ्या पत्रावरून कळत नाहीत आणि त्यांच्यावर पुष्कळ अवलंबून आहे. आईचं दोन घास खाऊन उठणं हे त्यातलं एक. तिचे कपडे सैल व्हायला लागलेत का, वजन किती घटलंय, अंघोळ, केस विंचरणं सुटलंय का, पहाटे तीनला उठून बसते का, ‘मलाही ने’ असं म्हणते का? असं असेल तर ते तुझ्या हातच्या जेवणाने सुटणारं नाही. तिला मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं, सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीतही सोय आहे. सोबत बाबांना किंवा मामाला पाठव. ते काम तुझ्या यादीत चोवीसावं म्हणून घालू नकोस.

आणि तुझ्याबद्दल. दुःखाला मुदत नसते हे खरं, तरी आमच्या शास्त्रात काही खुणा ठरवल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखाचं निदान सहा महिन्यांनंतर करता येतं, अमेरिकी यादीत मोठ्या माणसांसाठी ती मुदत एक वर्षाची आहे. पण नुसते महिने मोजून काही ठरत नाही. रोजच्या रोज, दिवसाचा बराचसा भाग त्याचीच ओढ किंवा त्याचेच विचार, तो गेला हे अजून खरंच न वाटणं, स्वतःचा एक भाग मेल्यासारखं वाटणं, सगळं बधिर, आणि त्यापायी नोकरी-माणसं सुटत जाणं, असं असेल तर ते दाखवायला हवं. तुझ्या पत्रात मला बधिरपणाची एक खूण दिसते, बाकीच्या दिसत नाहीत. पण पत्रात सगळं येत नाही. ऑफिसात चुका वाढल्यात का, गाडी चालवताना वर्धा रोड टाळतेस का, किंवा उलट, त्या जागेवर जाऊन थांबतेस का, हे स्वतःला विचारून बघ. मरणाचे विचार येत असतील, अगदी ‘मी गेले असते तर बरं झालं असतं’ इतपतही, तर बैठक-गजर राहू दे बाजूला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे फोन कर आणि त्याच दिवशी एका माणसाला सांग.

एक शेवटचं. आठ महिने झाले म्हणजे वर्षश्राद्ध चार महिन्यांवर आलं. तेव्हा पुन्हा तीच धावपळ तुझ्यावर येईल, किती पानं आणि ब्राह्मण कोण. आत्ताच काकांना किंवा मामाला सांगून ठेव की यावेळी व्यवस्था ते बघतील. त्याऐवजी तुझ्यासाठी एक गोष्ट मागून घे, जी दादाच्या बहिणीचीच असेल. एका मुलीने भावाच्या वर्षश्राद्धाला त्याच्या आवडीचे तर्री-पोहे स्वतः करून त्याच्या सहा मित्रांना गच्चीवर बोलावलं होतं. खाली गुरुजींचं चाललं होतं, वर ही पोरं त्याचे किस्से सांगत हसत होती. थोड्या वेळाने तिचे बाबा जिना चढून वर आले. तिला वाटलं आता ओरडतील. ते कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मलाही एक प्लेट दे, तर्री जास्त.”